नमुन्याचं काम

वेबसाइट करून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय सुरू करणारी मुलं मला विचारतात, अजून एकही गिऱ्हाईक नाही, तर पोर्टफोलिओत टाकायचं काय? नमुन्याची कामं टाका, हे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. मग बहुतेकजण एक काल्पनिक कॅफे निवडतात, परदेशी फोटो लावतात आणि पान देखणं करतात. ते बघून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही, कारण त्या कामात कुणी अडवलेलं नसतं. खऱ्या कामात मालकाला वेळ नसतो, मजकूर अर्धवट येतो, फोटो अंधारात काढलेले असतात. नमुन्यातही अशा अडचणी आपण होऊन आणाव्या लागतात.

पुण्यात डबा पुरवणाऱ्या घरगुती मेसचं उदाहरण घेऊ. आधी दोन-तीन मेसवाल्यांना एवढंच विचारावं, की दिवसभर फोनवर लोक काय विचारतात? आज भाजी कोणती, महिन्याचे किती, रविवारी संध्याकाळी बंद का, आमच्या भागात डबा येतो का. झालं, पानाचा आराखडा मिळाला. ही चार उत्तरं मोबाइलवर पान उघडताच, फारसं खाली न सरकता दिसली पाहिजेत. मेसला मात्र काल्पनिक नाव द्यावं. विचारल्याशिवाय कुणाचं नाव किंवा बोधचिन्ह वापरू नये.

या कामातली खरी मेख आहे रोजचा मेनू. तो बदलणार कोण? मेसवाल्या काकू कोड उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी एक गुगल शीट करावी, तारीख आणि भाजी असे दोनच रकाने. ती ‘वेबवर प्रकाशित’ केली की पान तिथून मेनू वाचू शकतं. बदल दिसायला काही मिनिटं लागतात, पण सकाळी भरलेला मेनू जेवणाच्या वेळेपर्यंत सहज पोचतो. आता ज्या दिवशी काकू शीट भरायला विसरतील, त्या दिवशी काय? कालची वांग्याची भाजी आजची म्हणून दिसेल आणि गिऱ्हाईक भांडायला येईल. म्हणून शीटमधली तारीख आजची नसेल, तर भाजी न दाखवता ‘आजचा मेनू अजून आलेला नाही, फोन करा’ एवढीच ओळ दाखवावी. पाहणाऱ्याचा विश्वास बसतो तो अशा ओळीवर.

मराठी मजकूर हीसुद्धा अशीच एक परीक्षा. इंग्रजी शीर्षकं मोकळी दिसावीत म्हणून अक्षरांत अंतर सोडायची पद्धत आहे. देवनागरीत तेच केलं की शिरोरेखा तुटते, आणि ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की वरची वेलांटी नि खालचा उकार एकमेकांत घुसतात. पानाला `lang="mr"` लावून एवढं लिहिलं की पुरतं:

```css
h1:lang(mr) {
  letter-spacing: 0;
  line-height: 1.4;
}
```

फोटोंचंही तेच. मोबाइलवर काढलेला थाळीचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो 1200 पिक्सेल रुंद करून वेबपी प्रकारात साठवला की साधारण दीडशे-दोनशे केबीत बसतो. हॉस्टेलच्या कमकुवत नेटवर्कवर पान उघडून पाहिलं की फरक लगेच कळतो.

व्हॉट्सअॅपच्या बटणावर `https://wa.me/91` आणि पुढे दहा आकडी नंबर असा दुवा लागतो, अधिक चिन्ह न लावता. तिथे मनाने रचलेला नंबर टाकू नका, तो कुणाचा तरी असतो. स्वतःचाच कामाचा नंबर टाका.

पोर्टफोलिओचं स्वतःचं पान साधं एचटीएमएलचं चालतं. गिटहब पेजेसवर ते फुकट ठेवता येतं, आणि स्वतःचं डोमेन नंतरही जोडता येतं. त्यात अशी दोन-तीन कामं पुरेत. प्रत्येकाखाली चित्रांपेक्षा चार परिच्छेद महत्त्वाचे: अडचण काय होती, काय ठरवलं, काय मुद्दाम टाळलं, आणि हे कुठे कमी पडेल. मेसच्या बाबतीत शेवटचं उत्तर असं लिहावं, की शीट भरायची सवय लागली नाही तर ही रचना निरुपयोगी आहे. गिऱ्हाईक हे वाचतं आणि पहिल्याच फोनवर स्वतःची अडचण सांगू लागतं.

आणि प्रत्येक कामावर ‘नमुना प्रकल्प, प्रत्यक्ष ग्राहक नाही’ असं ठळक लिहा. रचलेले अभिप्राय लावू नका. ‘त्या मेसवाल्यांचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलतो’ असं कुणी म्हटलं, तर तुमच्याजवळ खरं उत्तर असलं पाहिजे.