एका ‘खा’चे मराठी

“माल मिळाला. उद्या पैसे टाकतो.”

एवढाच संदेश होता आणि थोरल्या दादांना तो मुळीच रुचला नाही. आमचा पुतण्या दोन वर्षांपासून बँकॉकच्या सिलोम भागात रत्नांच्या व्यापारात आहे. तिथल्या एका नव्या गिऱ्हाइकाला त्याने प्रथमच उधारीवर नीलमांची पुडी दिली होती. पोच आली, ती त्याने मराठी करून घरच्या गटावर टाकली. उमरीच्या मोंढ्यात आयुष्य काढलेले दादा चष्मा पुसत म्हणाले, “ना जी, ना साहेब. माल घेताना जो असा तुटक बोलतो, तो पैसे देताना कसा बोलेल?” आणि त्यांनी उत्तर सांगितले, “साहेब, व्यवहार वेळेवर व्हावा.”

ते वाचून पुतण्याचा फोन आला. “काका, साहेब नाही, त्या बाई आहेत. आणि त्या फार अदबीने बोलल्या आहेत. तेवढे मराठीत आणायचे माझ्याकडून राहिले.”

मग त्याने मूळ थाई वाक्य सावकाश म्हणून दाखवले. “दाय रप खॉङ लॅओ खा. फ्रुङ नी ओन ङन हाय ना खा.” दोन्ही वाक्यांच्या शेवटी ‘खा’ आहे. त्याला स्वतंत्र अर्थ नाही म्हणून त्याने तो सोडून दिला होता. पण आदर होता तो त्या ‘खा’तच. पुरुष बोलत असेल तर त्या जागी ‘ख्रप’ येतो. समोर कोण आहे यावर ते ठरत नाही, बोलणारा कोण यावर ठरते. बाई बाईशी बोलो वा पुरुषाशी, ती ‘खा’च म्हणणार.

आम्हा उमरीकरांना असा शेवटचा आदर अपरिचित नाही. निजामाबादकडचा तेलुगू व्यापारी ‘अवुनंडी’ म्हणतो, त्यातला ‘अंडी’ हाच धर्म पाळतो. आमच्या घरातल्या मारवाडीतला ‘सा’ही तसाच. फरक इतकाच की ‘अंडी’ आणि ‘सा’ बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाहीत. (तिथले बौद्ध भिक्षू मात्र गृहस्थाशी बोलताना ‘ख्रप’ म्हणत नाहीत, ‘चरन फॉन’ असा आशीर्वाद देतात. आपल्याकडे मुनिमहाराज ‘धर्मलाभ’ म्हणतात, त्याची आठवण व्हावी.)

मराठीत हा ‘खा’ ठेवायचा कुठे? तो एका शब्दात बसत नाही, त्याची वाटणी करावी लागते. बोलणारी स्त्री आहे हे आपण क्रियापदाच्या शेवटी सांगतो. ‘टाकतो’ लिहिले आणि त्या बाईंचा पुरुष झाला, दादांची चूक तिथूनच सुरू झाली. ‘टाकीन’ लिहिले असते तरी बाई दडल्याच असत्या, कारण त्या रूपात लिंग दिसत नाही. पहिल्या वाक्यात तर जागाच नाही, ‘मिळाला’ हे मालाच्या मागे चालते. म्हणजे स्त्रीत्व दुसऱ्या वाक्यातच आणायचे आणि आदर ‘आपला’, ‘आपल्याला’ यांवर सोपवायचा. ‘ना खा’मध्ये आणखी एक मऊपणा आहे, आपला ‘हं’ त्याच्या जवळ जातो. पण व्यापारी पत्रात ‘हं’ शोभत नाही. शेवटी असे ठरले: “आपला माल मिळाला. उद्या आपल्याला पैसे पाठवते.” प्रत्येक ‘खा’ला एकेक ‘जी’ जोडला असता तर ते लाचार वाटले असते.

पुढच्याच आठवड्यात दुसरा पेच पडला. नव्या पुडीबद्दल त्याच बाईंनी लिहिले, “शुक्रवारी देता येईल”, आणि पुढे ‘खा’. ‘खा’ खाली उतरत म्हटला की ते विधान, उंच म्हटला की प्रश्न. लिहिताना विधानाच्या ‘खा’वर एक लहान उभी रेघ येते, प्रश्नाच्या ‘खा’वर येत नाही. इथे रेघ नव्हती. म्हणजे बाई शुक्रवार देत नव्हत्या, मागत होत्या. पुतण्या तरी घाबरला, कारण थाई लोकही घाईत ही रेघ चुकवतात, आणि ‘ना’ला जोडून आलेला ‘खा’ रेघेवाचून लिहिला तरी प्रश्न होत नाही. वाक्यात ‘ना’ नव्हता आणि प्रश्नाचा ‘माय’ हा शब्दही नव्हता. निर्णय एकट्या रेघेवर टाकण्यापेक्षा त्याने फोन करून विचारले. बाई खरोखरच विचारत होत्या.

पहिल्या पुडीचे पैसे सांगितल्या दिवशी आले होते. दादांनी या वेळी स्वतः उत्तर सांगितले, “पैसे पोचले. आम्ही आपले आभारी आहोत.” पुतण्याने ते थाईत केले. ‘आहोत’मध्ये बोलणारा बाई की पुरुष हे कळत नाही, तिथे ते सांगावेच लागते. त्याने शेवटी ‘ख्रप’ लिहिला आणि आम्हाला फोनवर तो दोनदा म्हणून दाखवला. दादांनी तिसऱ्यांदा स्वतः म्हणून पाहिला.