गावठी मांजर की कुळीचे मांजर?

मांजर पाळावयाचे, एवढे घरात एकदा ठरले म्हणजे सारे ठरले असे पुष्कळांस वाटते. परंतु खरा प्रश्न त्यानंतरच उभा राहतो. गल्लीत जन्मलेले गावठी पिल्लू आणावे, की पैसे मोजून लांब केसांचे पर्शियन पिल्लू घ्यावे? गेल्या वर्षी आमच्या घरी हा वाद दोन महिने चालला होता. धाकट्या कन्येच्या मनात पुण्यातील एका दुकानात पाहिलेले पांढरेशुभ्र पर्शियन पिल्लू भरले होते. मातोश्रींचे म्हणणे असे की, "अगं, मांजर का कोणी विकत घेते? ते आपल्या पायांनी घरी येते." दोघींपैकी कोणाचेही मन मोडणे आम्हांस बरे वाटेना. यास्तव निकाल देण्याचे लांबणीवर टाकून आम्ही चौकशी आरंभिली. तिच्यातून जे हाती आले, ते आमच्या बालवाचकांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगत आहो.

प्रथम 'कुळीचे' म्हणजे काय ते पाहू. पर्शियन असो वा गावठी, सर्व पाळीव मांजरांचा मूळ पुरुष एकच. तो म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया या भागांतील रानमांजर. माणसाच्या सहवासात मांजर हजारो वर्षे राहिले, परंतु केवळ रूप पाहून जोड्या लावण्याचा नाद फार जुना नव्हे. सन 1871 मध्ये लंडन येथील क्रिस्टल पॅलेस या इमारतीत हॅरिसन वेअर या गृहस्थांनी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले. त्यानंतर कोणत्या जातीचे तोंड कसे व केस केवढे असावेत याचे नियम लिहिले जाऊ लागले. सारांश, कुळीच्या मांजराचे कूळ मुख्यत्वे चेहऱ्याचे व केसांचे असते; प्रकृतीचे असतेच असे नाही. खऱ्या कुळीच्या पिल्लाबरोबर आई, बाप, आजे, पणजे यांच्या नावांची वंशावळ मिळते. आम्ही दुकानदारास ती मागितली. तो हसून म्हणाला, "साहेब, केस बघा ना! कागद कशाला?" परंतु लांब केस हा काही कुळाचा पुरावा नव्हे. तो गुण आई व बाप या दोघांकडून आला म्हणजे पिल्लास लांब केस येतात, आणि आखूड केसांच्या मांजरांतही तो झाकलेला राहू शकतो. यामुळे पर्शियन म्हणून विकली जाणारी कित्येक पिल्ले नुसती लांब केसांची मिश्र पिल्ले असतात.

आता खर्चाकडे वळू. दुकानदाराने पंधरा हजार रुपये सांगितले. गावठी पिल्लास काहीच पडत नाही. येथवरचा हिशेब कोणीही करील. आम्ही मात्र कन्येस एक वही आणावयास सांगून दहा वर्षांचा हिशेब मांडविला, कारण घरात सांभाळलेले मांजर सहज तेवढे जगते. लसी, जंतांचे औषध व पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया यांस दोन्ही मांजरांना सारखाच खर्च. अन्नाचाही तसाच. येथे मातोश्री म्हणाल्या, "गावठीला दूधपोळी पुरते." पशुवैद्यांनी ते मान्य केले नाही. मांजर जातीनेच मांसाहारी आहे. मांसात असणारे टॉरिन नावाचे द्रव्य त्यास अन्नातून मिळाले नाही, तर पुढे दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचत नाही. म्हणून दोघांच्याही नावे महिन्यास दीड हजार रुपये अन्नाचे धरिले.

फरक पडला तो केसांत. पर्शियन मांजराचे केस रोज दहापंधरा मिनिटे विंचरावे लागतात. चार दिवस हयगय झाली की काखेत व पोटाखाली त्यांच्या गाठी होतात. त्या कातडी ओढतात व खाली ओल राहून जखमा होतात. आमच्या घरी रोज एवढा वेळ देणारे कोणी नव्हते, म्हणून महिन्यातून एकदा केस साफ करवून घेण्याचे हजार रुपये धरिले. ते वर्षाचे बारा हजार व दहा वर्षांचे एक लाख वीस हजार झाले. त्यांत किमतीचे पंधरा हजार मिळविता दोन मांजरांतील अंतर एक लाख पस्तीस हजार भरले. म्हणजे ज्या किमतीवर आम्ही दोन महिने भांडत होतो, ती साऱ्या अंतराचा केवळ नववा हिस्सा होती! मांजराची किंमत दुकानात कळत नाही, ती कंगव्यात कळते, असे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले.

तथापि पैशाहून मोठी गोष्ट प्रकृतीची. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ व त्यांच्या पत्नी राहतात. त्यांची 'राणी' नावाची पर्शियन भाटी सात वर्षांची असता एकाएकी फार पाणी पिऊ लागली. उन्हाळा असल्यामुळे कोणास नवल वाटले नाही. पुढे ती वारंवार लघवी करू लागली, अन्न टाकू लागली, आणि दाट केसांखाली तिची हाडे हातास लागू लागली. पोटाची सोनोग्राफी केली तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे पाण्याच्या फोडांनी भरलेली दिसली. चार महिन्यांत ती गेली.

हा रोग पर्शियन कुळात परंपरेने येतो. फोड जन्मतः अगदी बारीक असतात व वर्षानुवर्षे वाढत जातात. म्हणून मांजर तरुणपणी ठणठणीत दिसते आणि मध्यम वयात खचते. आईबापांपैकी एकासच दोष असला तरी प्रत्येक पिल्लास तो येण्याचा संभव निम्मा असतो. या दोषाचे नेमके मूळ अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सन 2004 मध्ये शोधून काढिले. त्या सुमारास निरनिराळ्या देशांत झालेल्या तपासण्यांत एक तृतीयांशाहून अधिक पर्शियन मांजरे दोषी आढळली होती. बरी गोष्ट एवढीच की, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून हा दोष आता आधीच ओळखता येतो, आणि दोषी जोड्या न लाविल्यास तो पुढच्या पिढीत उतरतच नाही. राणीला घेताना तिच्या नाकाची वाखाणणी झाली होती. मूत्रपिंडाविषयी मात्र कोणी अक्षर काढिले नव्हते.

त्या नाकाचीही कथा ऐकण्याजोगी आहे. बाजारात पर्शियन मांजराचे 'डॉल फेस' व 'पंच फेस' असे भेद करितात. पहिल्याचे नाक थोडे पुढे असते, दुसऱ्याचे डोळ्यांच्या रेषेत चेपलेले. आणि चेपलेल्याचा भाव अधिक. परंतु तोंड चेपले तरी आतील मऊ भाग त्या मानाने कमी होत नाही. श्वासाची वाट अरुंद होते, दात वाकडे बसतात, आणि अश्रूंची नळी मुडपल्यामुळे डोळे सदा पाझरून नाकाशी तांबूस डाग पडतात. पिल्लू स्वस्थ बसले असता त्याचा श्वास घोरल्यासारखा ऐकू आला, तर ते कौतुकाचे लक्षण नव्हे. आपल्याकडील वैशाखात दाट केस व अरुंद नाक हे दोन्ही एकत्र आले म्हणजे त्या जीवाचे किती हाल होत असतील याची कल्पना करावी.

मग गावठी मांजर निर्धोक का? तसे मुळीच नाही. त्याच्या जोड्या कोणी रूप पाहून लावीत नाही, म्हणून असा एखादा दोष त्याच्या कुळात साचून राहण्याचा संभव कमी. परंतु गल्ली त्याला पिसवा, जंत व साथीचे रोग देते. मांजरांतील एका साथीच्या रोगात वांत्या व हगवण होऊन पिल्ले दोनतीन दिवसांत दगावतात. त्यावरील लस आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लसही टोचावी. भाटी चारपाच महिन्यांचीच गाभण राहू शकते, म्हणून शस्त्रक्रियेस फार उशीर करू नये. भेद एवढाच की, गल्लीतील रोगांवर बहुतेक उपाय आधी करता येतात. हाडामांसात आलेल्या घडणीवर पिल्लू घरी आल्यानंतर फारसा उपाय उरत नाही.

राहिला स्वभाव. पर्शियन मांजर शांत, उड्या कमी मारणारे, एका उशीवर दुपार काढणारे. लहान जागेत राहणाऱ्या वृद्धांस ते मानवते हे खरे. गावठी मांजर चपळ; फडताळाच्या माथ्यावर चढल्यावाचून त्याला चैन पडत नाही. परंतु माणसाविषयी प्रेम वा भय बाळगणे हे कुळाहून बालपणावर फार अवलंबून असते. दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत जे पिल्लू माणसांच्या हातांत खेळते, ते प्रायः जन्मभर माणसाळलेले राहते. तो काळ निसटला तर पुढे पुष्कळ धीर धरावा लागतो.

हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आमच्या पाहण्यात गावठी पिल्लांची दोन ठिकाणे होती. एक गटाराच्या नळाजवळचे, दुसरे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील. पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे कन्या जमिनीवर निमूट बसली व तिने एक बोट पुढे धरिले. नळाजवळची तीन महिन्यांची पिल्ले कान पाडून फिसकारत राहिली. दुकानातील नऊ आठवड्यांचे पिल्लू दुकानदाराच्या मुलांच्या मांडीवर वाढलेले होते. ते गुळाच्या ढेपेमागून डोकावले, थबकले, आणि तीनचार मिनिटांत बोट हुंगून तिच्या परकरावर चढले. डोळे स्वच्छ, नाक कोरडे, श्वास निःशब्द. मात्र रंग करडा, त्यावर काळे पट्टे.

"पण ही पांढरी नाही ना, बाबा," कन्या हळूच म्हणाली. आम्ही काही बोललो नाही. तिने आणखी थोडा वेळ विचार केला आणि विचारिले, "हिची मूत्रपिंडे राणीसारखी नसतील ना?" आम्ही सांगितले, "खात्री कोणाचीच देता येत नाही, बाळ. पण तसा संभव फार थोडा." तेव्हा तिने पिल्लू उचलिले. त्याचे नाव 'ठिपकी' ठेविले आहे, यद्यपि अंगावर एकही ठिपका नाही.

ज्यांचे मन पर्शियन मांजरावरच बसले असेल त्यांस आम्ही नको म्हणत नाही. त्यांनी चेपल्या नाकाचा मोह सोडावा, रोज कंगवा कोण धरणार हे आधी ठरवावे, आणि पिल्लाच्या आईबापांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद मागावा. तो दाखविणारा विक्रेता भेटला तर पंधरा हजार सुखाने द्यावेत. "केस बघा ना" असे उत्तर आले, तर मुलांचा हात धरून दुकानाबाहेर पडावे. पिल्लू कितीही गोंडस असो.