दोन खड्ड्यांचा संडास आणि चेंबरमधली एक वीट



आज भात नाही, मिरची नाही. आज घरामागच्या संडासाबद्दल लिहितोय. हसू नका, कारण यात माझी स्वतःची सात वर्षं फुकट गेली आहेत.

मासवणला आमच्या पाड्यावर गटार नाही, उद्याही येईल असं वाटत नाही. २०१६ ला बारा हजारांचं अनुदान मिळालं, त्यात थोडे घरचे घातले आणि दोन खड्ड्यांचा संडास बांधला. घरात आम्ही पाच माणसं. दोन गोल खड्डे, पुढे चेंबर, वर लाद्या. बघणाऱ्याला सगळं बरोबर वाटेल असंच काम होतं.

२०२३ च्या पावसाळ्यात भांड्यातलं पाणी उतरेना. आई म्हणाली, "पावसाचं पाणी चढलं असेल, उतरेल." आमच्याकडे आषाढ-श्रावणात खाचराला लागून असलेल्या जमिनीत हातभर खाली पाणी असतं, त्यामुळे मलाही ते पटलं. पण दिवाळी झाली, भात कापून झालं, तरी तेच. मग चेंबरचं झाकण उचललं आणि एक बादली पाणी ओतून बघितलं. पाणी निम्मं डावीकडे, निम्मं उजवीकडे गेलं. दोन्ही तोंडं उघडी!

गवंड्याने बांधताना एक तोंड बंद करायचं असतं. त्याने केलं नाही आणि आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे सात वर्षं आम्ही दोन खड्डे एकदमच वापरत होतो. लाद्या काढल्या तर दोन्ही खड्डे तुडुंब, आणि दोन्हींत वरचा थर कालचाच. उपसायला एकही जागा नाही.

आता हिशोब समजून घ्या. एका माणसाचा गाळ वर्षाला साधारण ४० ते ४५ लिटर साठतो. पाणी जमिनीत मुरतं, वायू निघून जातो, उरतो तो हा गाळ. पाच माणसांचे वर्षाला सव्वादोनशे लिटर धरा. खड्डा आतून एक मीटर रुंद आणि पाइपाच्या तोंडाखाली एक मीटर खोल असेल, तर त्यात ७८५ लिटर मावतात. म्हणजे एक खड्डा सुमारे साडेतीन वर्षं चालतो. तो भरला की चेंबरमधून दुसरा चालू करायचा आणि पहिल्याला झाकून ठेवायचं. दुसरा भरेपर्यंत पहिल्याला साडेतीन वर्षं विश्रांती मिळते. लागते दोन वर्षं. तेवढ्यात जंतू मरतात, जंताची अंडीसुद्धा जातात, आणि गाळाची माती होते. घरात दहा माणसं असतील तर हाच खड्डा पावणेदोन वर्षांत भरेल, मग विश्रांती पुरी होत नाही. तिथे खड्डाच मोठा घ्यावा लागतो.

खड्डा किती मोठा यापेक्षा मुद्दा आहे तो आळीपाळीचा. दोन्ही तोंडं उघडी ठेवली की दोन खड्ड्यांचा एकच मोठा खड्डा होतो. आमचे दोन्ही मिळून सात वर्षांत भरले, हिशोबात बसतं तसंच. फक्त माती कुठेच झाली नाही.

चेंबर कसं हवं ते सांगतो. भांड्याकडून येणारी एक नाली, पुढे तिच्या दोन वाटा, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. तळ गुळगुळीत आणि अर्धगोल, कोपऱ्यात मैला अडकता कामा नये. उतार पंधरा ते वीस फुटाला एक फूट. पाइपाचं टोक खड्ड्यात भिंतीपासून चार बोटं आत आलेलं असावं, नाहीतर घाण भिंतीवरून ओघळत राहते. बंद तोंडात वीट घालून चिकणमातीने लिंपायचं. सिमेंटने पक्कं केलंत तर तीन वर्षांनी छिन्नी घेऊन बसावं लागेल. झाकण जमिनीच्या वर, पावसाचं पाणी आत शिरणार नाही असं. आणि बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहा.

दोन खड्ड्यांमधलं अंतरही गवंडी हमखास खातात. निदान खड्ड्याच्या खोलीइतकं, म्हणजे एक मीटर हवं. कारण तुम्हाला माहीतच आहे. वरच्या खाचरात पाणी भरलं की बांधातून खालच्या खाचरात पाझरतं. तसंच चालू खड्ड्यातलं पाणी शेजारच्या विश्रांतीच्या खड्ड्यात पाझरतं आणि तिथला गाळ ओलाच राहतो. जागा नसेल तर समोरासमोरच्या भिंतींना भोकं ठेवायची नाहीत. बाकी भिंतीला पाइपाच्या खाली जाळीसारखी भोकं, वरचा भाग भरीव, तळ मातीचाच. काही ठिकाणी पहिल्या खड्ड्याचं पाणी पाइपाने दुसऱ्यात सोडलेलं मी बघितलंय. तेही चूक, तिथेही दुसरा कधीच रिकामा राहत नाही.

विहिरीचं जपा. पावसात पाणी वर येतं तिथे खड्डा विहिरीपासून निदान दहा मीटर लांब हवा. आपल्याकडे मुरमाखाली काळा कातळ लागतो. त्याला भेगा असतील तर दहा मीटरचाही भरवसा नाही, कारण भेगेतून पाणी न गाळता जातं. अशा जागी खड्डा कमी खोल घ्यायचा, वर उचलायचा आणि भोवती मातीचा भराव करायचा. मग संडासाचा ओटाही वर घ्यावा लागतो, नाहीतर उतार मिळत नाही.

आम्ही काय केलं? टँकर बोलावून उपसता आलं असतं, पण तो कच्चा मैला कुठेतरी ओढ्यात गेला असता. म्हणून तिसरा खड्डा खणला. चेंबरची एक बाजू फोडून तिसरं तोंड काढलं आणि जुनी दोन्ही बंद केली. खर्च झाला, पण घरातल्या बायकांना एक दिवसही बाहेर जावं लागलं नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये, दोन वर्षं पुरी झाल्यावर, जुना एक उघडला. आधी आख्खा दिवस लादी काढून ठेवली, कारण आत वायू असू शकतो. खाली उतरलो नाही, वरूनच फावड्याने काढलं. काळी, भुसभुशीत माती, वास फक्त पहिल्या पावसासारखा. पंचवीसेक घमेली निघाली. ओलं आणि वासाचं लागलं असतं तर परत झाकून पुढच्या उन्हाळ्याची वाट बघितली असती. आईने आधी नाक मुरडलं, मग स्वतःच हातात घेऊन बघितलं. तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरून अशीच माती उपसत होते, तेव्हा मला तो फोटोपुरता प्रकार वाटला होता.

ती माती आंब्याच्या आळ्यात घातली आणि वर माती ओढली. पालेभाजीला, कच्च्या खायच्या काकडी-मुळ्याला मी घालत नाही.

आता सुट्टीच्या दिवशी एक काम करा. चेंबरचं झाकण उचला, बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. दोन्हीकडे गेलं तर लगेच एका तोंडात वीट बसवा. खड्डे अर्धे रिकामे असतील तर तुमचं काम एका विटेत भागेल. माझं नाही भागलं.

राम राम.