उलटे अठ्ठ्याण्णव

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. माझ्या एका जुन्या रुग्णाच्या पत्नीचा फोन आला. काकांचे वय ७४, फुप्फुसांचा जुना विकार, थंडी पडली की दम लागणार हे ठरलेले. काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांना संध्याकाळपासून धाप लागतेय. पण ऑक्सिजन चांगला आहे. फोटो पाठवलाय, बघता का?"

मी फोटो पाहिला. काळ्या चौकटीत लाल रंगाचे दोन ठळक आकडे होते, 98 आणि 101. आकडे स्पष्ट दिसावेत म्हणून काकूंनी फोन अगदी जवळ नेला होता, त्यामुळे यंत्राच्या कडा आणि त्यांवरची अक्षरे चित्राबाहेर राहिली होती. ऑक्सिजन ९८, नाडी १०१, असे मी मनाशी वाचले आणि म्हणालो, "काकू, घाबरू नका. नेहमीचे औषध द्या आणि सकाळी दवाखान्यात या."

फोन ठेवण्यापूर्वी पलीकडून काकांचा आवाज आला. "सांग त्यांना..." एवढे बोलून ते थांबले, श्वास घेतला, मग "...झोप..." आणि पुन्हा श्वास. दोन शब्दांनंतर ज्याला थांबावे लागते, त्याचा ऑक्सिजन ९८ कसा? शिवाय काका बरे असतानाही त्यांचा आकडा ९२च्या वर जात नाही, हे माझ्याच वहीत लिहिलेले होते. त्यांच्यासाठी ९८ हा आकडा चांगला नव्हता, संशयास्पद होता. हे मला फोटो पाहताक्षणी सुचायला हवे होते.

मी काकूंना संपूर्ण यंत्र दिसेल असा दुसरा फोटो पाठवायला सांगितले. तो आला आणि उलगडा झाला. यंत्रावरची SpO2 ही अक्षरे डोक्यावर उभी होती. काकू काकांच्या समोर बसल्या होत्या. काकांच्या बोटाचे टोक त्यांच्याकडे होते आणि पडदा त्यांना उलटा दिसत होता. मी हातातला फोन फिरवला. पडद्यावरचे आकडे इंग्रजी असतात. 98 उलटे केले की 9 चा 6 होतो, 8 तसाच राहतो आणि दोघांच्या जागा बदलतात. उरते 86. नाडीचे 101 मात्र उलटे करूनही 101च राहते, म्हणून तिनेही आम्हाला सावध केले नाही.

८६ हा आकडा काकांसाठीही कमी होता. मी विचारले, "आत्ता काय लावले आहे त्यांना?" काकू म्हणाल्या, "ऑक्सिजन लावलाय की! मुलाने आणलेले मशीन." त्याचाही फोटो आला. पारदर्शक मास्क, पारदर्शक नळी, शेजारी घरघरणारी पांढरी पेटी. पण मास्कच्या खाली छोटी वाटी होती आणि तिच्या तळाशी थोडे औषध दिसत होते. तो नेब्युलायझर होता. तो औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे आत पोचवतो. त्यासाठी खोलीतलीच हवा वापरतो, म्हणून त्याच्यातून ऑक्सिजन अधिक मिळत नाही. ऑक्सिजन देणारे यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, बरेच मोठे असते. घरी वापरायचे यंत्र बहुधा चाकांवर असते, त्यावर प्रवाह दाखवणारी पारदर्शक नळी व तिच्यात हलणारी गोळी असते, आणि अनेकदा पाण्याची बाटली जोडलेली असते. हवा नाकात बसणाऱ्या दोन बारीक नळ्यांतून येते.

वाटीतले औषध योग्यच होते, म्हणून ते चालू ठेवायला सांगितले. काकांना उशांना टेकवून बसते केले आणि १०८ला फोन करवला. रुग्णालयात त्यांना मोजून-मापून ऑक्सिजन दिला गेला. अशा जुन्या विकारात आकडा साधारण ८८ ते ९२च्या दरम्यान ठेवतात. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन या रुग्णांना अपायकारक ठरू शकतो. पाचव्या दिवशी काका घरी आले.

त्या रात्रीपासून फोटो वाचण्याची माझी पद्धत बदलली. आकड्याकडे मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी यंत्र कोणते ते ओळखतो.

पल्स ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावायचा चिमटा. फोटोत चिमट्यातले बोट दिसले पाहिजे. त्यावर दोन आकडे असतात. SpO2 किंवा % या खुणेजवळचा ऑक्सिजनचा आणि PR जवळचा नाडीचा. काही यंत्रांत बटण दाबले की पडद्यावरचे आकडे फिरतात, पण आवरणावर छापलेली अक्षरे फिरत नाहीत. अशा वेळी नाडीबरोबर वरखाली होणारी उभी पट्टी पाहावी. आकडे सरळ असतील, तर ती खालून वर चढते.

ग्लुकोमीटर हाताच्या तळव्याएवढा चपटा असतो आणि त्याच्या एका टोकातून पट्टी बाहेर आलेली दिसते. साखरेचा आकडा एकच असतो आणि त्याखाली mg/dL लिहिलेले असते. परदेशातून आणलेल्या यंत्रावर कधी mmol/L असते. त्यावरचे ५.४ म्हणजे आपल्याकडचे सुमारे ९७. पडद्यावर Lo आले, तर ते दहा असे वाचू नये. साखर यंत्राला मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेली आहे असा त्याचा अर्थ असतो, आणि तिथे थांबून चालत नाही.

नेब्युलायझरचा फोटो पाठवताना आकडा शोधूच नये. मास्क, औषधाची वाटी आणि पेटी एकत्र दिसली की पुरे. औषधाच्या कुपीचा वेगळा फोटो जोडला, तर अधिक उपयोग होतो.

काकूंनी त्यानंतर घरातल्या यंत्रांवर पांढरी पट्टी चिकटवली आहे. चिमट्यावर 'ऑक्सिजन-नाडी', चपट्या यंत्रावर 'साखर', पेटीवर 'औषधाचे तुषार, ऑक्सिजन नव्हे'. चिमट्याच्या पट्टीवर वरची बाजू दाखवणारा बाणही आहे. फोटो काढण्यापूर्वी त्या काकांचा हात ऊबदार करतात, चिमटा लावून अर्धा मिनिट थांबतात, आकडा स्थिर झाला की सरळ बाजूने संपूर्ण यंत्र टिपतात, आणि खाली वेळ व यंत्राचे नाव लिहितात. बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, तर दुसरे बोट निवडावे.

या साऱ्यानंतरही एक मर्यादा उरते. फोटोत श्वास दिसत नाही. म्हणून मी आता कुटुंबीयांना पूर्ण एक मिनिट छातीचे वरखाली होणे मोजून तो आकडाही लिहायला सांगतो. रुग्णाला वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तो गुंगीत जात असेल, तर फोटो काढण्यात वेळ न घालवता आधी १०८ला फोन करावा. चिमट्यावर कोणताही आकडा असला तरी.

मागच्या पंधरवड्यात काकूंचा फोटो आला. बोट, चिमटा, वर जाणारा बाण, आकडा ९२. खाली लिहिले होते, "सकाळी सात, ऑक्सिजन-नाडी, श्वास मिनिटाला अठरा. काका चहा मागताहेत."