मामांचे तीन पंच

वाळूजच्या बजाजनगरात एक पत्र्याची जिम होती. तिथे मामा फर्स्ट शिफ्ट करून यायचे आणि नव्या पोरांना वेटलिफ्टिंग फुकट शिकवायचे. आज मी पोरांना जे सांगतो, ते बहुतेक त्यांचंच.

'किती उचलतोस' हे ते विचारायचेच नाहीत. "आधी तुझं वजन सांग." कारण स्पर्धा वजनी गटात होते. सुरू व्हायच्या दोन तास आधी वजनकाटा लागतो आणि तासाभरात गटाच्या मर्यादेत बसलं नाही, तर बाहेर. मग स्नॅच: बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क दोन टप्प्यांत: आधी खांद्यावर, मग वर. दोन्हींत तीन-तीन संधी, दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज.

पण मामांचा खरा जीव नो लिफ्टमध्ये. एक उचलायचा आणि तीन पोरं पंच, एक समोर, दोन बाजूंना. पांढरा रुमाल म्हणजे मान्य, लाल म्हणजे बाद. दोघांचं मत चालतं. वर गेलेला हात कोपरात वाकून पुन्हा ढकलून सरळ केला, की लाल. समोरच्याला हे बऱ्याचदा दिसत नाही, बाजूच्याला दिसतं. क्लीन घेताना कोपर गुडघ्याला टेकला तरी लाल. आणि वजन वर स्थिर झालं, पावलं एका रेषेत आली, तरी खाली टाकण्याचा इशारा मिळेपर्यंत थांबायचं. बार आधी टाकला तर सगळी मेहनत पाण्यात. आमच्या निम्म्या लिफ्ट तिथेच जायच्या.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली 55 किलोची लढत त्यांनी आम्हाला वहीवर मांडून दाखवली. सांगलीच्या संकेत सरगरनं स्नॅचमध्ये 113 किलो उचललं, मलेशियाच्या अनिक कसदाननं 107. सहा किलोची आघाडी. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतची 135 मान्य झाली. 139 च्या वेळी कोपर दुखावला आणि दोन्ही प्रयत्न बाद. एकूण 248.

"आता अनिकला किती हवं?" मामांनी विचारलं. पोरं म्हणाली 141. मामा हसले. 141 नं बरोबरी होते, आणि बरोबरीत ज्यानं ती बेरीज आधी गाठली तो पुढे. संकेतची आधीच झाली होती. म्हणून 142. अनिकचा आधीचा प्रयत्न तिथेच फसला होता, शेवटचा टिकला. 249. एका किलोनं सोनं गेलं. वाकडं तोंड करून आम्ही ऐकत होतो. मामांनी मात्र पेन्सिल फिरवून त्या 142 भोवती गोल काढला. भारावून जाण्याची त्यांना सवय नव्हती.

आता ते गावी असतात. 2025 मध्ये पुरुषांचे गट बदलून सर्वांत हलका 60 किलोचा झाला, हे मी फोनवर सांगितलं. म्हणाले, "मग आपल्या बारक्यांना भाकरी वाढव. आणि कोपर बघ त्यांचा."