‘ताबडतोब’ म्हणजे किती वाजता?

चाळीस वर्षं मुलांच्या निबंधांत मी क्रियाविशेषणं घाला म्हणून सांगत आले. नुसतं ‘तो गेला’ नको, ‘तो लगबगीने गेला’ लिहा, वाक्याला जान येते. निबंधापुरतं ते खरंच आहे. पण मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी एक कागद घेऊन आला आणि त्यातली क्रियाविशेषणं मला एकेक करून काढायला लावावी लागली.

हा मुलगा (मुलगा कसला, पन्नाशीला आला आता) भोसरीकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या पॉवर प्रेस आहेत तिथे. दुसऱ्या पाळीत एका ऑपरेटरच्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक प्रेसखाली सापडलं. ऑपरेटर कंत्राटी. रिपोर्ट लिहायचा होता, उद्या द्यायचा होता. “बाई, शुद्धलेखन तेवढं बघा,” म्हणाला.

शुद्धलेखन ठीकच होतं. मजकूर असा होता:

‘रात्री नऊच्या सुमारास प्रेस नं. ४ वर ऑपरेटरने घाईघाईत व निष्काळजीपणे डायमध्ये हात घातला. वारंवार सूचना देऊनही त्याने सुरक्षेकडे दुर्लक्ष केले. त्यामुळे त्याच्या बोटास इजा झाली. त्यास ताबडतोब दवाखान्यात नेण्यात आले. मशीनमध्ये कोणताही दोष नव्हता.’

मी विचारलं, “हात घालताना तू पाहिलंस?”

“नाही बाई, मी स्टोअरपाशी होतो. ओरडणं ऐकून धावलो.”

“मग घाईघाईत हे कुणी पाहिलं?”

कुणीच नाही. शेजारच्या मशीनवरच्या हेल्परनेही ओरडल्यावरच मान वळवली होती. म्हणजे पहिल्याच वाक्यात दोन शब्द असे होते की ज्यांना साक्षीदार नाही, आणि त्याच दोन शब्दांवर त्या कंत्राटी पोराचं काम जाणार होतं. हे शब्द लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. वाक्य पूर्ण वाटावं म्हणून ते येतात, पण वाचणारा ते घटना म्हणूनच वाचतो.

‘वारंवार’चंही तसंच. किती वेळा, केव्हा? रजिस्टर बघ म्हटलं. त्याने फोन करून विचारलं तर सुरक्षेच्या सूचना दिल्याची त्या ऑपरेटरच्या सहीची नोंद एकच निघाली, तीही तो कामाला लागला त्या दिवसाची. मग त्या तारखेचा उल्लेख ठेवला आणि ‘वारंवार’ गेला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वेळांवर. ‘नऊच्या सुमारास’ हा आपला गोल आकडा. पक्कं काय आहे ते शोधू म्हटलं. त्याने गाडीच्या ड्रायव्हरला केलेला फोन मोबाइलमध्ये दिसत होता, ९:०७. गेटच्या रजिस्टरमध्ये गाडी बाहेर पडल्याची वेळ ९:२१. आता कुणीही वरचा साहेब नऊ आणि नऊ एकवीस एकापुढे एक ठेवून म्हणेल की एकवीस मिनिटं काय करत होतात? मी त्याला दुसऱ्या दिवशी गेटचं घड्याळ आणि मोबाइल शेजारी धरून बघायला सांगितलं. घड्याळ सात मिनिटं पुढे निघालं. म्हणजे गाडी मोबाइलच्या वेळेने ९:१४ ला गेली. ओरडणं ऐकल्यापासून फोन करेपर्यंत मशीन बंद करणं, बोटावर स्वच्छ कापड दाबून धरणं, यात पाच एक मिनिटं गेली असावीत असं तो म्हणाला. तर अपघाताची वेळ ‘९:०२ च्या सुमारास, फोनच्या वेळेवरून माझा अंदाज’ अशी लिहिली. अंदाज आहे तर अंदाज म्हणायचं आणि तो कशावरून ते पुढे लिहायचं. प्रत्येक वेळेपुढे कुठलं घड्याळ तेही लिहिलं. ‘ताबडतोब’ची गरजच उरली नाही, बारा मिनिटं वाचणाऱ्याला दिसतातच.

‘नेण्यात आले’ हे आम्ही शाळेत नवीन कर्मणी म्हणून शिकवतो. सरकारी मराठीचा लाडका प्रयोग. त्यात कर्ता गडप होतो. कुणी नेलं, सोबत कोण होतं? नावं घालून वाक्य कर्तरी केलं की उद्या कुणाला विचारायचं ते कळतं.

मग शेवटचं वाक्य आलं, मशीनमध्ये दोष नव्हता. “कुणी तपासलं?” फिटरने ९:५० ला प्रेस दहा वेळा रिकामी चालवली, दहाही वेळा ती नीट थांबली. मी म्हटलं, तेवढंच लिही. दहा वेळा नीट चालली ही घटना झाली, दोष नव्हता हा त्यावरून काढलेला निष्कर्ष.

“आणि तू धावत गेलास तेव्हा मशीन कसं होतं? जे डोळ्यांनी दिसलं ते सांग.”

इथे तो थांबला. त्याने मला समजावलं ते असं. ही प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्यावरच चालते, म्हणजे वरचा भाग खाली येताना दोन्ही हात बाहेर गुंतलेले असतात. पण एक चावीचा स्विच असतो, तो फिरवला की बटणांऐवजी पायाच्या पेडलवर चालते. मग हात मोकळे. डायसमोर जाळीही असते. त्या रात्री स्विच पेडलवर होता, चावी स्विचलाच होती आणि जाळी भिंतीला टेकवलेली होती. दुपारी चारला डाय बदलताना सेटरने चावी मागितली होती.

“चावी कुणाकडे असते?”

“माझ्याकडे, बाई.”

मी काही बोलले नाही. चहा टाकायला आत गेले. येऊन पाहते तर त्याने स्वतःच लिहिलं होतं: ‘चावी माझ्या ताब्यात असते. दुपारी ४ च्या सुमारास सेटरने मागितली, मी दिली. ती परत आली का हे मी पाहिले नाही. पेडलवर स्विच कुणी व केव्हा ठेवला हे मला माहीत नाही.’

ऑपरेटरचं म्हणणं त्याने दवाखान्यात ऐकलं होतं. तेही वेगळं, त्याच्याच शब्दांत आणि अवतरणचिन्हांत घातलं: ‘तुकडा डायला चिकटला, तो काढायला हात घातला, पाय पेडलवरच होता.’ ते खरं की खोटं हे सुपरवायझरने तिथे ठरवायचं नाही.

राहिलं मत. ते काढूनच टाकू का, असं त्याने विचारलं. नको म्हटलं मी. वीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाचं मत कामाचं असतं, फक्त ते घटनेच्या वाक्यात मिसळायचं नाही. खाली एक रेघ मारून ‘माझे मत’ असा मथळा दिला आणि त्याने लिहिलं: ‘डाय बदलल्यावर जाळी व स्विच पूर्ववत केले असते तर हात आत असताना प्रेस चालली नसती असे मला वाटते. ऑपरेटरने चिकटलेला तुकडा हाताने काढणेही चूक होते.’ दुसरं वाक्य राहू द्यावं का, यावर आमची थोडी चर्चा झाली. राहू दिलं, कारण त्याचं ते खरोखर मत होतं आणि आता ते ऑपरेटरच्या स्वतःच्या सांगण्यावर उभं होतं.

पहिला कागद तो फाडायला निघाला होता. मी तो तारीख घालून फाइलला लावायला लावला.

आठवड्याने त्याचा फोन आला. साहेबांनी समोर बसवून तासभर प्रश्न विचारले म्हणे. बहुतेक सगळे चावीचे. त्याला एक लेखी ताकीद मिळाली. ऑपरेटरचे टाके निघालेत, कंत्राटदाराने त्याला अजून काढलेलं नाही. सेटरचा जबाब मात्र व्हायचा आहे. “कसा घेऊ, बाई?” म्हणाला. म्हटलं, तो बोलेल तसा उतरवून घे, आणि त्याची सही होईपर्यंत आपलं पेन बाजूला ठेव.