दसऱ्याची उचल मे महिन्यात

जुलै २०२३ मध्ये, रिटर्न भरायच्या धांदलीत, एका ऊस वाहतूकदाराची चार हंगामांची एक्सेल फाइल माझ्याकडे आली. आमच्या पाथर्डी तालुक्यात पाऊस कमी, त्यामुळे ऊस तोडायला बाहेर जाणाऱ्या टोळ्या जास्त. मुकादमाला उचल द्यायची, टोळी कारखान्यावर न्यायची, कारखान्याकडून पंधरवड्याचं वाहतूक बिल घ्यायचं, डिझेल-टायर-दुरुस्ती भागवायची, असा हा धंदा. मी अशा लोकांचे हिशेब लिहितो. या मालकांना कामापुरतं एकच हवं होतं: सगळ्या नोंदी आर्थिक वर्षांप्रमाणे वेगळ्या करून प्रत्येक वर्षाची जमा आणि खर्च.

हे वाटतं तेवढं सरळ नसतं, कारण वाहतूकदाराचं डोकं हंगामाप्रमाणे चालतं. ‘बावीस-तेवीस’ म्हणजे त्यांच्या लेखी दसऱ्याच्या आगेमागे टोळी निघाली तिथपासून पट्टा पडेपर्यंत. बावीसच्या उन्हाळ्यात दिलेली उचलही त्याच हंगामाची, आणि हंगाम लांबून एप्रिल तेवीसमध्ये आलेलं शेवटचं बिलही त्याचंच. आयकर खात्याला मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च एवढंच कळतं. म्हणून हंगामाच्या रकान्यावर विसंबता येत नाही, तारखेवरच जावं लागतं.

आणि तारखेचा रकाना म्हणजे आठवडे बाजार झाला होता. जुने मुनीम `4.3.20` असं टिंबं देऊन लिहायचे. काही पानं `१५/११/२०२०` अशी देवनागरी आकड्यांत. मालकांच्या मुलाने नंतरच्या नोंदी मोबाइलवर ठेवलेल्या होत्या आणि त्या `10/01/2023` अशा धाटणीने लॅपटॉपवर आणल्या होत्या. मध्येच कुठे `5 मार्च 22`.

वर्षवार बेरीज मागितली की एक्सेल अशा रकान्यापुढे हात टेकतं. पिव्होट टेबलमध्ये तारखा वर्षाप्रमाणे गोळा करायला गेलं, तर `Cannot group that selection` म्हणून मोकळं होतं, कारण त्याच्या लेखी निम्म्या नोंदी तारखा नाहीतच, नुसता मजकूर आहे. खरी तारीख एक्सेलच्या पोटात आकडा असते. १ एप्रिल २०२३ म्हणजे 45017, दुसऱ्या दिवशी 45018. आपल्याला दिसतो तो वरचा पोशाख. म्हणून पहिली चाळणी अशी:

```
=ISNUMBER(C2)
```

`TRUE` आलं तर खरी तारीख, `FALSE` आलं तर मजकूर. साधारण एक तृतीयांश नोंदी `TRUE` आल्या. मालकांचा मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, ‘‘सर, एवढ्या तरी बरोबर आहेत ना? बाकीच्या तेवढ्या करून टाकू.’’

करूनही टाकल्या असत्या. पण त्याच दिवशी मुकादम उचलीची जुळवाजुळव करायला आला होता. पडद्यावर त्याच्या नावापुढे 10 मे 2022 दिसत होतं. तो म्हणाला, ‘‘मे महिन्यात कुठली उचल? मालकांनी दसऱ्याला दिली. आपट्याची पानं वाटली न् पैसे हातात ठेवले.’’ २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता. `05/10/2022`. एक्सेलने पाच हा महिना धरला आणि दहा हा दिवस.

म्हणजे ज्या नोंदी बरोबर म्हणून आम्ही सोडून देत होतो, घोटाळा त्यांच्यातच होता. मुलाचा लॅपटॉप विकत घेतला तेव्हापासून विंडोजच्या `Region` मध्ये `English (United States)` होतं. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. `05/10/2022` त्या यंत्राने बिनबोभाट १० मे म्हणून गिळलं. `13/04/2022` आलं, तेव्हा तेरावा महिना नसतो म्हणून ते मजकूर म्हणून ठेवून दिलं. मजकूर राहिलेल्या तारखा शाबूत होत्या आणि खऱ्या तारखा बनलेल्या उलट्या. आता `Region` बदलून भारत केलं तरी उपयोग नव्हता, कारण आत आकडा बसून गेलेला.

हे ओळखायची खूण सोपी आहे. `TRUE` आलेल्या नोंदींचा दिवस `DAY` ने काढा आणि सगळ्यात मोठा दिवस कोणता ते पाहा. शेकड्याने नोंदी असताना तो 12 च्या पुढे जातच नसेल, तर तिथे दिवसाच्या जागी महिना बसला आहे. मुलाने आणलेल्या नोंदींत तो 12 वरच अडकला होता. दुसरी खूण तर त्याहून ठसठशीत होती: आम्ही बसलो होतो जुलैत आणि यादीत ऑक्टोबर २०२३ चं कारखान्याचं बिल जमा झालेलं!

ते बिल ५८,४०० रुपयांचं होतं. मूळ तारीख `10/01/2023`, म्हणजे १० जानेवारी, आर्थिक वर्ष २०२२-२३. उलटं वाचल्यावर १ ऑक्टोबर २०२३, म्हणजे वर्ष २०२३-२४. याच्या बरोबर उलट एक डिझेलची नोंद होती, `02/11/2022`. दोन नोव्हेंबरची ती ११ फेब्रुवारी २०२२ झाली आणि २०२१-२२ मध्ये जाऊन बसली. सगळ्या नोंदींची एकूण बेरीज रुपयाला रुपया जुळते. तुकडा फक्त या खणातून त्या खणात जातो, त्यामुळे नुसत्या एकूण बेरजेने काहीही पकडलं जात नाही.

मी कागदावर मांडून पाहिलं. वर्षातल्या १४४ दिवसांत दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असतो. त्यातल्या ४/४, ५/५ अशा बारांना उलटापालट झाली तरी धक्का लागत नाही. उरलेल्या १३२ तारखा चुकतात, पण आर्थिक वर्ष बदलतं ते ५४ तारखांचंच. जानेवारी ते मार्चच्या ४ ते १२ तारखा पुढच्या वर्षात पळतात, आणि एप्रिल ते डिसेंबरच्या १, २, ३ तारखा मागच्या वर्षात. दसऱ्याची उचल चुकली खरी, पण मे काय नि ऑक्टोबर काय, दोन्ही २०२२-२३ मध्येच. आमच्या धंद्याची गंमत अशी की या मालकांना मागच्या पंधरवड्याचं बिल बहुधा महिन्याच्या ४ ते १२ च्या दरम्यान मिळायचं, आणि ऐन हंगाम जानेवारी ते मार्च. जी नोंद पळायला नको तीच नेमकी पळत होती.

दुरुस्ती करताना मूळ रकान्याला हात लावायचा नाही, हा माझा दंडक. नवीन रकाने शेजारी काढायचे. उलट्या झालेल्या नोंदींसाठी:

```
=DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2))
```

हे सूत्र सगळ्या `TRUE` नोंदींवर आंधळेपणाने ओढलं असतं तर नवा गोंधळ झाला असता, कारण फाइलमधला एक तुकडा माझ्याच कार्यालयात, भारतीय सेटिंगवर, टाइप झालेला होता. त्यातल्या तारखा सरळ होत्या. वेगळं करायला पावती क्रमांक कामी आले. पावतीपुस्तक क्रमाने फाटतं, म्हणून २१४ नंबरची तारीख २१३ आणि २१५ च्या मध्येच असायला हवी. शेजारच्या पावत्यांपैकी एखादीचा दिवस बाराच्या पुढचा असला की ती मैलाचा दगड म्हणून धरायची आणि तिच्याशी कोणतं वाचन बसतं ते पाहायचं. जिथे दोन्ही बसत होती तिथे कागदी पुस्तक काढलं. सूत्राने सुटत नाही ते सूत्राने सोडवायला जाऊ नये.

मजकूर राहिलेल्या नोंदींना वेगळा उपचार. देवनागरी आकडे `SUBSTITUTE` ने इंग्रजी केले. टिंबाच्या जागी तिरकी रेघही त्यानेच. कडेची मोकळी जागा `TRIM` ने काढली. मराठी महिन्यांची नावं थोडी होती, तीही तशीच, तिरक्या रेघांसकट, आकड्यांत बदलली. मग सूत्रांच्या जागी नुसती मूल्यं चिकटवून `Text to Columns` ने तिरक्या रेघेवर तोडून दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने केले, F, G आणि H, आणि त्यांची तारीख जोडली:

```
=DATE(IF(H2<100,H2+2000,H2),G2,F2)
```

यातला `IF` वगळला तर 20 हे वर्ष एक्सेल 1920 धरतं; ऊसतोडीच्या उचलीला शंभर वर्षं झाली असं दिसलं की समजायचं. दुसरं, `DATE` कधी कुरकुर करत नाही. मुनीमांनी एका ठिकाणी `31.6.20` लिहिलं होतं. जूनला एकतीस तारीख नसते, पण सूत्राने मुकाट्याने १ जुलै दिलं. महिना 15 दिला तर ते पुढच्या वर्षीच्या मार्चला नेऊन ठेवतं. म्हणून तयार तारखेचा दिवस F2 शी आणि महिना G2 शी जुळतो का, हे एका रकान्यात तपासलं, आणि न जुळलेल्या नोंदी मुनीमांना फोन करून विचारल्या.

एवढं झाल्यावर आर्थिक वर्ष काढणं म्हणजे शेवटचा हात. तारीख तीन महिने मागे सरकवली की १ एप्रिलची १ जानेवारी होते आणि ३१ मार्चची आदल्या वर्षाची ३१ डिसेंबर. मग साधं `YEAR` पुरतं:

```
=YEAR(EDATE(D2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(D2,9)),2)
```

१० जानेवारी २०२३ ला हे `2022-23` देतं. असं वर्ष हाताने टाइप करू नये. `2022-23` टाइप केलेलं चालून जातं, पण जुन्या हिशेबात `2011-12` टाइप केलं की एक्सेल त्याचा डिसेंबर २०११ करून ठेवतं. याच रकान्यावर पिव्होट टेबल लावलं. पिव्होटची स्वतःची वर्षं जानेवारीला सुरू होतात, ती आपल्या कामाची नाहीत.

ताळा केला तो २६एएस वर. कारखान्याने कापलेल्या कराच्या नोंदी तिथे असतात आणि तारखा `10-Jan-2023` अशा, महिन्याच्या नावाने, म्हणून उलटापालटीला वाव नाही. त्या ५८,४०० सकट बिलं वर्षवार जुळत गेली. एकच उरलं. कारखान्याने ते ३१ मार्चला नोंदवून कर कापला होता, आणि मालकांच्या वहीत ते एप्रिलमध्ये, बँकेत पैसे आले त्या दिवशी लिहिलेलं.

‘‘मग आम्ही तारीख कोणती लिहायची?’’ मालकांनी विचारलं.

दोन्ही. बिलाची वेगळ्या रकान्यात, पैसे आल्याची वेगळ्या, आणि आर्थिक वर्षाचं सूत्र बिलाच्या तारखेवर. मुलाने तिथल्या तिथे रकाना वाढवला, `Region` मध्ये `English (India)` केलं, आणि तारीख दाखवायचा साचा `dd-mmm-yyyy` ठेवला, म्हणजे महिना नावानेच दिसेल.

मुकादमाने तेवढ्यात आपल्या नावापुढचं 05-Oct-2022 वाचून घेतलं आणि खाली रक्कम किती धरली ते विचारलं.